पावसाचे चाळीस टक्के

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात या सदरात आपण घराच्या कर्जाच्या व्याजाचे आकडे सोडवले होते. यंदा विषय थोडा ओलसर आहे. मंडळाची पिकनिक असो, गणपतीची मिरवणूक असो किंवा कुणाच्या परसातलं बारसं असो, आदल्या दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फोनच्या पडद्याचे फोटो फिरू लागतात. एक वाजता वीस टक्के, दोन वाजता तीस टक्के, खाली निळा थेंब. मग प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. एक काका म्हणतात, "चाळीस टक्के म्हणजे तासातली चोवीस मिनिटं पाऊस." एका वहिनींचं म्हणणं, "अहो, गावाच्या चाळीस टक्के भागात पडणार, आपलं पार्क सुटेल." कुणी म्हणतं, दहांतल्या चार हवामानतज्ज्ञांना तसं वाटतंय. आणि पन्नासच्या आतला आकडा म्हणजे पाऊस नाहीच, असं मानणारा एक मोठा पक्ष तर प्रत्येक मंडळात असतो.

हा गोंधळ आपल्यापुरता नाही. २००५ साली गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक पाहणी प्रसिद्ध केली. ॲमस्टरडॅम, ॲथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना विचारलं होतं, उद्या पावसाची शक्यता तीस टक्के म्हणजे काय? युरोपातल्या शहरांत बहुतेकांचा कल 'उद्याच्या तीस टक्के वेळेत' या उत्तराकडे होता, त्याखालोखाल 'तीस टक्के भागात'. निम्म्याहून अधिक लोकांनी बरोबर उत्तर दिलं ते फक्त न्यूयॉर्कमध्ये. त्याचं एक साधं कारण असं, की अमेरिकेत हे टक्के १९६० च्या दशकाच्या मध्यापासून देशभर सांगितले जातात. दोन-तीन पिढ्या ते ऐकत वाढल्या आहेत.

आपले कान मात्र आकाशवाणीवर तयार झालेले. 'कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. त्यातले 'तुरळक', 'काही', 'बऱ्याच' आणि 'बहुतांश' हे शब्द सैलपणे वापरलेले नसतात. भारतीय हवामान खात्याने त्यांना मोजमाप दिलं आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, २६ ते ५० टक्के असेल तर काही, ५१ ते ७५ असेल तर बऱ्याच आणि त्यावर बहुतांश. म्हणजे आपल्याकडची ती टक्केवारी खरोखरच जागेची होती. वहिनींचा अर्थ उगाच आलेला नाही, तो त्यांनी मायदेशातून बरोबर आणला आहे. फक्त इथल्या पडद्यावरचा आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची, म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिसची व्याख्या अशी: ठरलेल्या एका ठिकाणी, ठरलेल्या कालावधीत, निदान एक शतांश इंच पाऊस मोजला जाण्याची शक्यता. यात तीन अटी आहेत, आणि तिन्हींकडे नीट पाहिलं की बराच गोंधळ मिटतो.

पहिली अट जागेची. आकडा आहे तो एका बिंदूसाठी, तुमच्या डोक्यावरच्या छत्रीएवढ्या जागेसाठी. गावात कुठेतरी पाऊस पडण्याची शक्यता त्याहून नेहमी जास्तच असते. घर ते पार्क चाळीस मैलांचा रस्ता असेल, तर वाटेत कुठेतरी वायपर लावावे लागण्याची शक्यता पार्कच्या आकड्यावरून काढता येत नाही.

दुसरी अट वेळेची. हवामान सेवेच्या पारंपरिक अंदाजात 'दिवस' म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आणि 'रात्र' म्हणजे पुढचे बारा तास. तासाच्या पडद्यावर मात्र प्रत्येक आकडा त्या एका तासापुरता असतो. दिवसाचे चाळीस आणि तासाचे चाळीस या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे पुढे येतोच.

तिसरी अट प्रमाणाची. एक शतांश इंच म्हणजे पाव मिलिमीटर. पर्जन्यमापकाला मोजता येणारा हा सर्वांत लहान पाऊस. त्याहून कमी पडला तर नोंदवहीत फक्त 'किंचित' अशी खूण होते आणि अंदाज तपासताना तो पाऊस धरला जात नाही. तुलनेसाठी सांगतो, भारतीय हवामान खातं 'पावसाचा दिवस' म्हणतं ते अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर. म्हणजे इथला उंबरठा त्याच्या दहापट खाली आहे. अंगणातली फरशी जेमतेम काळी झाली, चटईवर वाळत घातलेल्या पापडांची पंचाईत झाली, की इथल्या हिशोबात पाऊस 'पडला'.

आता हा आकडा येतो कुठून? जुन्या काळी अनुभवी माणूस नकाशे पाहून तो ठरवत असे. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलमध्ये क्लीव्ह हॅलनबेक नावाच्या हवामान अधिकाऱ्याने पावसाचा अंदाज टक्क्यांत देऊन पाहिला आणि १९२० साली त्यावर लेख लिहिला. आज हे काम संगणकाची प्रतिमाने करतात, पण एकदाच नाही. वातावरणाची आत्ताची स्थिती आपल्याला कधीच तंतोतंत माहीत नसते, म्हणून सुरुवातीची स्थिती किंचित किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. अमेरिकेच्या जागतिक प्रतिमानाचे असे ३१ अवतार असतात, युरोपच्या केंद्राचे ५१. समजा ५१ पैकी २० अवतारांनी शनिवारी दुपारी तुमच्या पार्कवर पाऊस दाखवला, तर कच्चा आकडा होतो साधारण चाळीस टक्के.

तो कच्चा यासाठी, की या प्रतिमानांना खोडी असतात. एखादं प्रतिमान उन्हाळ्यात भुरभुर पाऊस फार वेळा दाखवतं, एखाद्याचे सगळेच अवतार एकमेकांच्या फार जवळ राहतात आणि त्यामुळे फाजील आत्मविश्वास दाखवतात. म्हणून मागच्या अंदाजांची प्रत्यक्ष पावसाशी तुलना करून आकडा दुरुस्त करतात. जेव्हा जेव्हा प्रतिमान चाळीस म्हणालं तेव्हा प्रत्यक्षात शंभरातून तीसदाच पाऊस झाला असेल, तर आज चाळीसच्या जागी तीस छापायचे. थोडक्यात, पडद्यावरच्या चाळीस टक्क्यांचा अर्थ असा: आजच्यासारखी स्थिती असलेले शंभर दिवस घेतले, तर त्यातल्या सुमारे चाळीस दिवशी या जागी, या वेळेत, मोजण्याइतका पाऊस होतो.

मग जागेचा त्यात काहीच संबंध नाही का? आहे, पण आडून. समजा अंदाज करणाऱ्याला वाटतं की परिसरात सरी येण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, आणि आल्याच तर त्या परिसराच्या ऐंशी टक्के भागाला भिजवतील. मग एका ठराविक जागेसाठी शक्यता झाली पन्नास टक्क्यांचे ऐंशी टक्के, म्हणजे चाळीस. उलट सरी येणार हे नक्की, शंभर टक्के, पण त्या फक्त चाळीस टक्के भागावर पडतील, तरीही उत्तर चाळीसच. एका दिवशी प्रश्न 'येणार का' हा, दुसऱ्या दिवशी 'कुणाच्या वाट्याला' हा. आकड्यावरून हा फरक कळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे तासांच्या रांगेकडे. जुलैतला शनिवार घेऊ. मंडळाची पिकनिक दुपारी एक ते सहा. फोनवर पाच तासांसाठी पाच आकडे दिसताहेत: वीस, वीस, वीस, वीस, वीस. वर कधी सूर्य, कधी ढग. बहुतेक जण म्हणतील, "वीसच तर आहे, काही होत नाही." पण आपला प्रश्न 'तीन ते चारमध्ये पाऊस येईल का' असा नाही. आपला प्रश्न आहे, 'पाच तासांत एकदा तरी येईल का'. त्याचं उत्तर या पाच आकड्यांत नाही. तीन वेगळे शनिवार कल्पून पाहू.

पहिल्या शनिवारी समुद्राकडून एक मोठी पावसाळी प्रणाली सरकते आहे. ती किनाऱ्याकडे वळली तर दुपारभर पाऊस, आणि बाहेरच्या बाहेर निघून गेली तर दुपारभर कोरडं. वळण्याची शक्यता वीस टक्के. मग प्रत्येक तासाला वीस, आणि पाचही तास मिळूनसुद्धा वीसच. कारण हे पाच तास एकमेकांना बांधलेले आहेत, भिजतील तर सगळे भिजतील.

दुसऱ्या शनिवारी उन्हाळ्यातल्या दुपारच्या सुट्या सरी आहेत. इकडे एक ढग उठतो, तिकडे एक. एका तासात चुकला तर पुढच्या तासाला त्याचं काही देणंघेणं नाही. मग हिशोब असा: एका तासात कोरडं राहण्याची शक्यता ऐंशी टक्के. पाचही तास कोरडं राहण्याची शक्यता ०.८ ला पाच वेळा गुणून, म्हणजे ०.३३, साधारण तेहतीस टक्के. म्हणून एकदा तरी भिजण्याची शक्यता सदुसष्ट टक्के.

तिसऱ्या शनिवारी पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी येते आहे. तिच्यापुढे पावसाचा अरुंद पट्टा आहे. तो येणार हे नक्की, आपल्यावरून पार व्हायला त्याला तासभर लागेल. फक्त एक वाजता येईल, तीन वाजता की पाच वाजता, हे कळत नाही. पाच तासांत शक्यता समान वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस. पण एकूण शक्यता? शंभर टक्के! पिकनिक भिजणार हे ठरलेलं, फक्त जेवताना की खेळताना एवढंच ठरायचं आहे.

पडद्यावर तीनही शनिवारी अक्षरशः तोच देखावा, वीसची तीच रांग. आणि उत्तरं वीस, सदुसष्ट आणि शंभर. प्रत्यक्षातले दिवस या तिन्हींच्या अधेमधे कुठेतरी असतात. हे एकदा लक्षात आलं, की "ॲप वीसच म्हणत होतं आणि आम्ही चिंब झालो" या तक्रारीतला अर्धा भाग विरघळतो.

मग आपला शनिवार कोणता, हे ओळखायचं कसं? पहिला उपाय म्हणजे तासांच्या रांगेबरोबर दिवसाचा आकडा पाहणं. तासांचे आकडे वीस आणि दिवसाचा सत्तर असेल, तर पाऊस येणार असं सांगताहेत, वेळ माहीत नाही. तासांचे वीस आणि दिवसाचेही वीस-पंचवीस असतील, तर तो पहिला शनिवार. दिवसाचा आकडा सर्वांत मोठ्या तासाच्या आकड्याहून कमी असणं तर्काला धरून नाही, तसं दिसलं तर कालावधी तपासा. काही ठिकाणी दिवस मध्यरात्री सुरू होतो, काही ठिकाणी सकाळी सहाला. आणि एखाद्या ॲपमध्ये दिवसाचा आकडा रोजच्या रोज अगदी सर्वांत मोठ्या तासाच्या आकड्याएवढाच येत असेल, तर तिथे वेगळा हिशोब न करता तोच उचलून ठेवल्याची शंका घ्यायला जागा आहे. अशा ॲपकडून हा प्रश्न सुटणार नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. weather.gov वर आपला झिपकोड टाकला, की स्थानिक कार्यालयाच्या पानावर Forecast Discussion असा दुवा मिळतो. तिथे ड्युटीवरचा माणूस साध्या गद्यात लिहितो, की आघाडी केव्हा येईल याबद्दल प्रतिमानांचं एकमत नाही, किंवा दुपारी विखुरलेल्या सरी उठतील. चार ओळी वाचल्या, की आपला शनिवार कितवा ते कळतं. भाषा सुरुवातीला जडशीळ वाटते, पण पंचांगापेक्षा सोपी आहे.

आता हा आकडा काय सांगत नाही, तेही पाहू. तो पावसाचा जोर सांगत नाही. नोव्हेंबरात दिवसभर रेंगाळणाऱ्या झिमझिमीला नव्वद टक्के मिळतात आणि जुलैत अर्ध्या तासात मैदानाचं तळं करणाऱ्या वादळाला तीस. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मंडळींना आठवत असेल. आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने सेंट्रल पार्कच्या मापकात एका तासात ३.१५ इंच पाणी मोजलं गेलं. तळघरांत आणि रस्त्यावरच्या गाड्यांत माणसं बुडून गेली. एक शतांश इंचाचा उंबरठा त्या रात्रीही ओलांडला गेला आणि साध्या रिमझिमीच्या दिवशीही ओलांडला जातो. 'शंभर टक्के' हा शिक्का दोघांना सारखाच बसतो. म्हणून टक्क्यांच्या शेजारी पावसाचे इंच किती दाखवले आहेत ते पाहायचं, आणि पुराचा इशारा असेल तर टक्के विसरून इशारा वाचायचा.

विजेचंही तसंच. वीस टक्क्यांच्या सरीतली वीज अर्धवट पडत नाही. सरीचा काठ आपल्यापासून काही मैल दूर असतानाही ती पडू शकते, म्हणजे आपल्या मापकात थेंबही नसताना. इथला नियम सरळ आहे: गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. पार्कमधलं उघडं छप्पर, तंबू किंवा झाड यांचा त्यात उपयोग नाही. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतात, तेव्हा गाड्या जवळ लावलेल्या बऱ्या.

आणखी एक गोष्ट. एका दिवसावरून हा अंदाज चुकला की बरोबर आला, हे म्हणता येत नाही. तीस टक्के सांगितलं आणि पाऊस आला, तरी अंदाज चुकलेला नाही, तीसदा यायचाच होता. पारख होते ती बऱ्याच दिवसांची. फ्रिजवर एक कागद लावा. रोज सकाळी दिवसाचा आकडा लिहा, संध्याकाळी 'आला' किंवा 'नाही'. दोन-तीन महिन्यांनी वीस टक्क्यांचे सगळे दिवस वेगळे काढा. त्यातल्या सुमारे पाचांतल्या एका दिवशी पाऊस असायला हवा. ग्लेन ब्रायर या वेदर ब्युरोतल्या अधिकाऱ्याने १९५० साली अशा अंदाजांना गुण देण्याची पद्धत सांगितली, ती आजही त्याच्याच नावाने चालते.

असा ताळेबंद मांडल्यावर कधीकधी गंमत दिसते. नेट सिल्व्हरने २०१२ च्या 'द सिग्नल अँड द नॉइज' या पुस्तकात लिहिलं आहे, की वेदर चॅनलने वीस टक्के सांगितलं तेव्हा प्रत्यक्षात पाचेक टक्के वेळाच पाऊस आला होता. हा ओला कल जाणूनबुजून होता. छत्री नेली आणि पाऊस आला नाही तर माणूस खूश असतो, छत्री नेली नाही आणि पाऊस आला तर अंदाजवाल्याला शिव्या घालतो. म्हणून व्यापारी अंदाज थोडे ओले करून देणं सोयीचं. सरकारी अंदाजात असा कल नव्हता.

शेवटी निर्णय. पन्नास टक्के ही सीमारेषा कुणी ठरवली? प्रत्येक कामाची रेषा वेगळी असते, आणि ती काढायला एकच भागाकार पुरतो. समजा तंबूचं भाडं ३०० डॉलर. तंबू नसताना पाऊस आला, तर वाया जाणारं जेवण आणि ऐनवेळी घ्यावा लागणारा हॉल मिळून नुकसान १,००० डॉलर. तीनशे भागिले हजार, म्हणजे तीस टक्के. पाच तासांत पाऊस येण्याची शक्यता तीसहून जास्त असेल तर तंबू घ्यावा, कमी असेल तर धोका पत्करावा. हा निर्णय दरवेळी पटेल असं नाही, पण मंडळाच्या खात्यातून वर्षानुवर्षं कमीत कमी पैसे जातील. ढोल-ताशाचं पथक असेल, तर भिजलेल्या कातडी पानांची किंमत नुकसानीत धरा, रेषा आणखी खाली येईल. मोटारीने जाऊन परत यायचं असेल आणि छत्री गाडीतच पडलेली असेल, तर रेषा जवळजवळ शंभराला टेकेल.

आणि हा भागाकार आपल्या तीन शनिवारांना लावून पाहा. वीसच्या त्याच रांगेसमोर पहिल्या शनिवारी तंबू नको, दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी हवा. तंबूवाल्याला बहुधा दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं, तेव्हा खजिनदारांनी गुरुवारी संध्याकाळी तासांची रांग बाजूला ठेवून आधी दिवसाचा आकडा आणि त्या कार्यालयाच्या चार ओळी वाचाव्यात. तासांची रांग शनिवारी सकाळी उघडावी. तोपर्यंत पट्टा कुठे पोचला ते रडारवर दिसू लागतं, वीसच्या रांगेतला एखादा तास ऐंशीवर चढतो, बाकीचे पाचवर उतरतात, आणि मग मिसळ त्या तासाच्या आधी वाढायची की नंतर, एवढंच ठरवायचं उरतं.